वीस मुलांचा वाढदिवस: खाऊ आणि सरबत दर मुलामागे किती धरायचं

प्रश्न: मुलाचा सहावा वाढदिवस आहे, शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सोसायटीच्या हॉलमध्ये. २० मुलं बोलावलीत, सगळी ५ ते ७ वर्षांची. केक, वेफर्स, समोसा, सँडविच, पास्ता, गुलाबजाम असा बेत आहे, प्यायला कोल्ड्रिंक नाहीतर सरबत. एका मुलामागे काय किती धरू? कमी पडायला नको आणि वायाही जायला नको.

उत्तर:

थेट सांगते, तुमचा बेत वाचून मला कमी पडायची काळजी अजिबात वाटली नाही, उरायची वाटली. मी घरून वाढदिवसाच्या, डोहाळजेवणाच्या अशा छोट्या ऑर्डरी घेते आणि लहान मुलांच्या पार्टीत हिशोब बहुतेकांचा एकाच ठिकाणी बिघडतो, तो म्हणजे प्रत्येक पदार्थ वेगळा धरायचा आणि त्याला २० ने गुणायचं. २० समोसे, २० सँडविच, २० वाट्या पास्ता, ४० गुलाबजाम. एकेक आकडा सुटा पाहिला तर बरोबरच वाटतो, एक मूल एक समोसा खाईल की, त्यात काय एवढं. पण हे सगळं एकाच मुलाच्या पोटात जायचंय, तेही दोन तासांत, आणि त्यातला तासभर ते मूल हॉलभर पळत असणार.

एकदा वजनात बघा म्हणजे लगेच लक्षात येईल. हलवायाकडचा नेहमीचा समोसा ८० ते १०० ग्रॅमचा असतो. दोन स्लाइसचं भरलेलं सँडविच १०० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर पास्ता १५०, केकचा बऱ्यापैकी पीस ८०, दोन गुलाबजाम पाकासकट ८०, आणि मूठभर वेफर्स ३०. बेरीज ५३० ग्रॅम झाली. सहा वर्षांचं मूल संध्याकाळच्या खाण्याला सगळं मिळून २०० ते २५० ग्रॅम खातं, आणि वाढदिवसाच्या गडबडीत त्याहून कमीच. म्हणजे तुमच्या बेताप्रमाणे वाढलं तर निम्म्याहून जास्त ताटलीत राहणार, आणि ते उष्टं झालेलं असतं म्हणून घरी नेऊन दुसऱ्या दिवशीही वापरता येत नाही.

म्हणून उलटीकडून या. आधी एका मुलाची ताटली ठरवा, साधारण १८० ते २०० ग्रॅमची, मग ती पदार्थांमध्ये वाटा. पदार्थ वाढवला तर बाकीच्यांचा वाटा कमी करायचा, बेरीज वाढू द्यायची नाही. उरलेले ३०-४० ग्रॅम दुसऱ्यांदा मागणाऱ्यांसाठी मागे ठेवायचे. एवढं पाळलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता तुमच्या बेतातलं काय ठेवायचं. माझं मत विचाराल तर केक, वेफर्स, सँडविच आणि मिनी समोसा, बस. गुलाबजाम काढा, केक आहे तिथे दुसरं गोड मुलं चाखून सोडतात आणि पाक नव्या कपड्यांवर सांडतो तो वेगळाच. पास्ता आणि समोसा यातलं एकच ठेवा. पास्ता ठेवायचा असेल तर समोसा काढा आणि पास्ता वाटीभर न देता छोट्या कपात ७० ग्रॅम द्या. २० मुलांना ते दीड किलोच्या आत बसतं आणि त्यासाठी कोरडा पास्ता अर्धा किलो पुरतो, कारण शिजल्यावर तो दुपटीच्या वर जातो आणि वर सॉस येतो. पण हॉलमध्ये पास्ता गरम ठेवायची सोय नसेल तर त्याच्या नादी लागूच नका, गार झाला की तो सॉस पिऊन टाकतो, गोळा होतो आणि मुलं हात लावत नाहीत.

पदार्थांच्या आधी माणसं मोजू, कारण २० मुलं म्हणजे २० जण कधीच नसतात. ५ ते ७ वयाच्या मुलांना आया सोडून जात नाहीत, निदान काही जणी तरी थांबतात. शिवाय कुणाचं धाकटं भावंड बरोबर येतं, आजी-आजोबा असतात, तुमच्याच घरची चार माणसं असतात. उलट बोलावलेल्यांतली दोन-तीन मुलं ताप, क्लास, गावाला गेली अशा कारणांनी येत नाहीत. ती न येणारी आणि बरोबर येणारी भावंडं एकमेकांना फिटतात, म्हणून मुलांचा आकडा २० च धरा, वर ५ वाढवू नका. मोठी माणसं मात्र वेगळी मोजा. मी इथे १० धरते. तुमच्या सोसायटीतलीच सगळी मुलं असतील तर कमी होतील, शाळेतली लांबून येणार असतील तर १५ पण होतील, तेव्हा निमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारून टाका की बरोबर कोण येणार, त्यात काही वाईट दिसत नाही.

आता एकेक घेऊ.

केक. इथे लोक हमखास मोठा सांगतात कारण फोटोत छोटा दिसेल असं वाटतं. लहान मुलाला ५० ग्रॅमचा पीस भरपूर होतो, कारण वरचं क्रीम खाऊन झालं की खालचा स्पंज बरीच मुलं तशीच सोडून देतात. तुम्ही दीड किलोचा चौकोनी किंवा आयताकृती केक सांगा. एका बाजूने ६ आणि दुसऱ्या बाजूने ५ असे भाग केले की बरोबर ३० पीस निघतात, प्रत्येकी ५० ग्रॅम, २० मुलांना आणि १० मोठ्यांना. गोल केक असेल तर त्रिकोणी काप करत बसू नका, ते टोकाला मोडतात आणि एक मोठा एक छोटा होतो, मग मुलांमध्ये भांडणं. गोल केकला आधी पट्ट्या कापा आणि पट्ट्यांचे चौकोन करा, कडेचे वेडेवाकडे तुकडे मोठ्यांना. अजून एक, वर साखरेची बाहुली किंवा गाडी असेल तर बेकरीत विचारून घ्या की दीड किलोत तिचं वजन धरलंय का. धरलं असेल तर खायचा केक तेवढा कमी. आणि केक बिनअंड्याचाच सांगा, २० घरांत कुणी ना कुणी अंडं न खाणारं असतंच.

वेफर्स. १०० ग्रॅम वेफर्स म्हणजे केवढा ढीग होतो ते एकदा काट्यावर ठेवून बघा. मुलाच्या ताटलीत २० ग्रॅम खूप दिसतात. २० मुलांचे ४०० ग्रॅम, मोठ्यांचे २०० धरा. मी पाऊण किलो घ्या म्हणेन, कारण वेफर्स ही एकच गोष्ट अशी आहे की मुलं परत परत मागतात आणि उरले तरी डब्यात आठवडाभर राहतात. जास्तीचं घ्यायचंच असेल तर ते इथे घ्या, सँडविचमध्ये नाही. साधे खारे घ्या, तिखट मसाल्याचे घेतले तर या वयाची मुलं दोन खाऊन पाण्याकडे पळतात. फक्त वेफर्स टेबलावर मोठ्या बाउलमध्ये उघडे मांडू नका. साडेपाचला आलेली मुलं येता जाता मुठी भरतात आणि पावणेसातला ताटली हातात येईपर्यंत पोट भरलेलं असतं. मग समोसा आवडला नाही का गं असं आपण विचारत बसतो, पण समोशाचा काही दोष नसतो.

मिनी समोसा. याला पार्टी समोसा पण म्हणतात, फरसाणवाल्याकडे ऑर्डर देऊन मिळतो. मोठा समोसा या वयाच्या मुलाला देऊच नका. मूल वरचं टोक कुरतडतं, आतला बटाटा तिखट लागला की बाजूला ठेवतं, आणि ९० ग्रॅममधले ७० वाया. मिनी समोसा २५ ते ३० ग्रॅमचा असतो, दोन घासांत संपतो. मुलामागे २ धरा, ४० झाले, वर ६ जास्तीचे. मोठ्यांना पण हेच द्यायचे असतील तर त्यांना तीन-तीन, म्हणजे आणखी ३०. एकूण ७६, ऐंशीची ऑर्डर द्या की झालं. दुकानदुकानाचा आकार वेगळा असतो म्हणून ऑर्डर देताना किलोत किती बसतात ते विचारा. ३५ ते ४० म्हणाले तर आपला हिशोब बरोबर. २० म्हणाले तर तो ५० ग्रॅमचा झाला, मग मुलाला एकच पुरे. आणि अगदी कमी तिखट करा असं सांगून ठेवा, नुसतं लहान मुलांसाठी आहे म्हटलं तर नेहमीचाच मसाला येतो.

सँडविच. यावर जरा थांबते, कारण हा पदार्थ तुम्ही घरी करणार असाल आणि प्रमाणापेक्षा त्याचं ओलं होणं जास्त त्रास देतं. दोन स्लाइसच्या सँडविचचे चार त्रिकोण करायचे, एक त्रिकोण साधारण २५ ग्रॅम. मुलाला दोन त्रिकोण. म्हणजे २० मुलांचे ४० त्रिकोण, १० सँडविच. मोठ्यांना पण दोन-दोन धरले तर ५ सँडविच आणखी, जास्तीची २. एकूण १७ सँडविच, ३४ स्लाइस. ब्रेडच्या पुड्यात किती स्लाइस आहेत ते कंपनीप्रमाणे बदलतं, आणि टोकाच्या दोन जाड स्लाइस यात वापरता येत नाहीत, त्या वजा करून मोजा. नेहमीचे ४०० ग्रॅमचे तीन पुडे आणलेत तर आरामात होईल.

बटर दोन्ही स्लाइसना लावा, अगदी कडेपर्यंत, २५० ग्रॅम लागेल. कंजूषी करू नका, कारण बटर चवीपुरतं नसतं, काकडीचं आणि चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरू न देण्याचं काम ते करतं. चटणी घट्ट वाटा, एका मोठ्या जुडीची पुरते, त्यात डाळं किंवा खोबरं घातलं की पाणी सुटत नाही, आणि मिरची एखादीच. काकडीचे पातळ काप करून दहा मिनिटं कापडावर पसरून ठेवा. टोमॅटो घालूच नका, तो तासाभरात ब्रेडचा लगदा करतो आणि लहान मुलं तसंही तो काढून टाकतात. चीज स्लाइस एका सँडविचला एक. चारच्या सुमाराला करायला घ्या, आधी नाही. केल्यावर कडा कापून ओल्या पण घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा हॉलवर निघेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पंख्याखाली ब्रेड अर्ध्या तासात कडक होतो. त्रिकोण मात्र वाढायच्या आधी कापा.

आता ताटलीची बेरीज बघा. वेफर्स २०, सँडविच ५०, समोसे ५५-६०, केक ५०. साधारण १८०. चार पदार्थ आहेत, ताटली भरलेली दिसते, आणि दुसऱ्यांदा मागायला पोटात जागा आहे. ताटली पण छोटी घ्या हो, ७ इंचाची. मोठ्या ताटलीत हेच कमी दिसतं आणि वाढणारा माणूस न कळत जास्त टाकतो. थर्माकोलच्या ताटल्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, सुपारीच्या पानाच्या किंवा उसाच्या चोथ्याच्या मिळतात, त्या मजबूत पण असतात.

आता प्यायचं. कोल्ड्रिंक या वयाला देऊ नका असं मी स्पष्टच सांगते, आणि फक्त साखरेमुळे नाही. गॅसने पोट फुगतं आणि मूल ताटलीकडे बघत नाही, वर पळापळीत उलटी झालेलीही पाहिली आहे. टेट्रापॅक सोयीचे वाटतात पण निम्मी मुलं अर्धा पिऊन कुठेतरी ठेवतात, मग माझा कुठला म्हणून नवीन मागतात. सरबत बरं, कारण पाहिजे तेवढंच ओतता येतं. कोकम किंवा लिंबू.

मापाचं सांगते. मूल आलं की खेळायच्या आधी थोडं आणि खेळून आल्यावर थोडं असं दोनदा पितं. २०० मिलीचा पेपर कप घ्यायचा आणि त्यात फक्त सव्वाशे-दीडशे मिली ओतायचं, काठोकाठ भरला तर एक तर सांडतो, नाही तर अर्धा उरतो. दोन वेळचं मिळून मुलामागे २५० मिली धरा, म्हणजे ५ लिटर. मोठी माणसं चहाकडे वळतात, तरी त्यांचं १ लिटर धरा. एकूण ६ लिटर.

बाजारातलं गोड कोकम सिरप बऱ्याचदा एकाला चार पाणी या प्रमाणात करतात, तरी बाटलीवर लिहिलेलं वाचून घ्या. ७५० मिलीच्या बाटलीत ३ लिटर पाणी घातलं की पावणेचार लिटर सरबत होतं. दोन बाटल्या आणून ठेवा, पण दोन्ही एकदम कालवू नका. पहिली साडेपाचच्या आधी करा. सव्वासहाला पातेल्यात किती आहे ते बघा, एक लिटरच्या खाली गेलं असेल तर दुसरी बाटली फोडा, आणि तीही निम्मीच. न फोडलेली बाटली घरी राहते, कालवलेलं सरबत मात्र रात्री ओतूनच द्यावं लागतं. बर्फ घालणार असाल तर तो वितळून पाणीच होतो, तेव्हा पाणी आधीच अर्धा लिटर कमी घाला, नाहीतर सातच्या सुमाराला सरबत नुसतं रंगीत पाणी लागतं. बर्फ खात्रीच्या पाण्याचा घरी केलेलाच घ्या.

लिंबू सरबत करायचं असेल तर ६ लिटरला मध्यम आकाराची २२ ते २४ लिंबं आणि ६०० ते ७०० ग्रॅम साखर. साखर थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून गार करून ठेवा, रस शेवटी घाला, फार आधी घातला की कडसर होतो.

साधं पाणी लोक विसरतातच. मुलं खेळून आली की आधी पाणी मागतात आणि पाणी नसेल तर तहान सरबतावर भागवतात, मग सरबत कमी पडलं असं वाटतं. मुलामागे ३०० मिली धरा, ६ लिटर, मोठ्यांचे ३. २० लिटरचा एक जार पुरून उरतो, मे महिन्यातली पार्टी असली तरी. जार टेबलावर, नळ मुलांच्या हाताला येईल असा ठेवा, फक्त खाली बादली पाहिजे.

कपांचं गणित माणसांच्या गणिताशी जुळत नाही. एक मूल दोन तासांत तीन कप सहज वापरतं कारण ठेवलेला कप त्याला परत सापडत नाही. नुसते कप ठेवले तर मुलांनाच ६० लागतील. कपावर स्केचपेनने नाव लिहून दिलं तर ४० त भागतं, आणि या वयाची मुलं नुकतीच वाचायला लागलेली असतात, त्यांना आपलं नाव शोधायला मजा येते.

मोठ्यांच्या चहाला १० छोटे कप म्हणजे अर्धा लिटर दूध आणि पाऊण लिटर पाणी, थोडं आटतं ते धरून.

वाढायचा क्रम कसा ठेवताय त्यावर पण किती लागेल ते ठरतं. मी असं करते, आल्यावर फक्त सरबत आणि पाणी. साडेपाच ते सव्वासहा खेळ. मग औक्षण, केक कापणं, फोटो, यात वीस मिनिटं जातात. पावणेसातच्या आधी ताटल्या भरून तयार, आणि मुलांना गोल बसवून एकदम सगळ्यांना द्यायच्या. केक ताटलीतच द्या, पण आधी सुटा देऊ नका. आधी गोड गेलं की तिखटमिठाचं तसंच राहतं. टेबलावर मांडून तुमचं तुम्ही घ्या असं या वयाला करू नका, पहिली पाच मुलं सहा-सहा समोसे उचलतात आणि शेवटच्यांना वेफर्सचा चुरा उरतो. एकूण माल पुरेसा असतो, तरी कमी पडतो, तो असा.

ताटल्या भरायला दोन माणसं लागतात, एकाने सगळीकडे वेफर्स आणि सँडविच ठेवत जायचं, दुसऱ्याने समोसे, केक सगळ्यात शेवटी. २० ताटल्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. मोठ्यांना मुलांनंतर द्या. का, तर मुलांच्या ताटल्या झाल्यावर पाच-सात मिनिटांनी एक चक्कर मारली की सगळं कळतं. किती ताटल्यांत समोसा चावून ठेवलाय, सँडविच कोण मागतंय, ते बघा. समोसे तसेच असतील तर उरलेले मोठ्यांना चार-चार द्या. आणि दहा मिनिटांत ताटल्या चाटून पुसून झाल्या असतील तर मोठ्यांना दोन-दोनच द्या आणि बाकीचे मुलांकडे वळवा. दुसऱ्यांदा वाढताना पूर्ण वाढणी नको, एक त्रिकोण किंवा एक समोसा.

वयाचं आणि वेळेचं थोडं. हाच बेत ३-४ वर्षांच्या मुलांना असता तर मी ताटली १२० ग्रॅमची केली असती, एक त्रिकोण, एक समोसा. १०-११ वर्षांची असती, त्यातून मैदानावर खेळून आलेली, तर दुप्पट धरा, तिथे मोठे समोसे चालतात आणि पूर्ण सँडविच संपतं. वेळ साडेसातच्या ऐवजी साडेआठपर्यंत नेलीत तर मात्र तो नाश्ता राहत नाही, आया घरून जेवणाचा बेत न करता येतात. मग समोसा-सँडविच दोन्ही काढून पावभाजी करा. ६ वर्षांच्या मुलाला दीड पाव आणि १०० ते १२० ग्रॅम भाजी, म्हणजे २० मुलांना ३० पाव आणि अडीच किलोच्या आत भाजी, मोठ्यांना प्रत्येकी ३ पाव आणि २०० ग्रॅम भाजी. लादीत पाव किती ते गावागावाला वेगळं असतं, ऑर्डर पावांच्या आकड्यात द्या.

काही घरांचं आधी विचारून घ्या. जैन मुलं असतील तर बटाट्याचा समोसा आणि बटाट्याचे वेफर्स दोन्ही बाद, त्यांच्यासाठी केळ्याचे वेफर्स आणि मटाराचे समोसे वेगळे सांगा, कांदा-लसूण न घालता, आणि चटणीत पण लसूण नको. दोन मुलं असतील तर ६ समोसे पुरे, पण वेगळ्या डब्यात, वर नाव चिकटवून. शेंगदाणे, काजू, दूध यांची कुणाला ॲलर्जी आहे का हे त्याच मेसेजमध्ये विचारा. चटणीत दाण्याचा कूट घालायची सवय असते, या दिवशी घालू नका. आणि धाकटी भावंडं येणार म्हणून शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, गोटीसारख्या कडक गोळ्या टेबलावर नकोतच, चारच्या खालच्या मुलाच्या घशात अडकतात.

क्रीमचा केक हॉलमध्ये पाचला आणून ठेवू नका, फ्रीज नसेल तर सहाला घरून आणा. चीज-चटणीचं सँडविच आणि केक बाहेर दोन तासांच्या वर राहिले तर उरलेलं घरी खायला ठेवू नका, उन्हाळ्यात तर तासाभरातच टाका. म्हणूनच जास्तीचं सगळं वेफर्समध्ये आणि न फोडलेल्या सिरपमध्ये ठेवा म्हणते.

केकची ऑर्डर दोन-तीन दिवस आधी. समोशांचा अंदाज बुधवारी सांगा आणि पक्का आकडा शुक्रवारी संध्याकाळी द्या, तोपर्यंत कोण येतंय, बरोबर कोण आहे ते कळलेलं असतं, आणि बरेचसे फरसाणवाले आदल्या रात्रीपर्यंत दहा-वीस कमी-जास्त करून देतात. समोसे सव्वासहाला हॉलवर पोचतील असं सांगा. साडेपाचला आले तर वाढेपर्यंत गार होऊन मऊ पडतील. ब्रेड शनिवारी सकाळीच आणा, अगदी गरम ताजा मिळाला तर दुपारपर्यंत ठेवून मग कापा, नाहीतर बटर लावताना फाटतो.